सरासरी दोन लाख, मग हप्ता का थकला?

आज थोडा हिशोब करू या. घाबरू नका. बेरीज आणि क्रम लावणं एवढं आलं की पुरे आहे, आणि ते तुम्हाला रोज येतं. बाजारात टोमॅटोचा, नाहीतर घरी बटाट्याचा ढीग करताना लहान इकडे, मोठा तिकडे आपणच करतो ना? तेच आज पैशांचं करायचं आहे.

गोष्ट आमच्याच गटाची आहे आणि चूकही आमचीच आहे. गटात ११ जणी. दर महिन्याला १०० रुपये बचत, कितीतरी वर्षं तेवढीच. एप्रिल २०२४ मध्ये आम्ही ती एकदम ५०० केली. कुणाच्या दबावाने नाही, चक्क हिशोब करून केली. आणि श्रावणापर्यंत तिघींचे हप्ते थकले. एकीने तर बैठकीला येणंच सोडलं. तिला विचारलं तर म्हणे, पोराला ताप आहे. पुढच्या बैठकीला म्हणे, पाहुणे आलेत. तिसऱ्या वेळी आमच्यातल्या एका वयस्कर मावशी म्हणाल्या, "तिच्याकडं पाचशे नाहीत आन दहा रुपये दंड द्यायची लाज वाटतीय, एवढं साधं कळंना का तुम्हाला?"

खरंच कळलं नव्हतं. कारण वहीत वेगळंच दिसत होतं.

वहीत काय होतं ते सांगतो. त्या वेळी लखपती दीदीच्या नोंदणीसाठी सीआरपी ताई घरोघरचं वर्षाचं उत्पन्न लिहून घेत होत्या. ज्या गटाच्या सदस्याच्या घराचं वर्षाचं उत्पन्न एक लाख रुपये किंवा त्याहून जास्त, ती लखपती दीदी, अशी ती व्याख्या आहे. आम्ही म्हटलं, एवढे आकडे जमलेच आहेत तर आपल्या गटाचंही बघू. सगळ्या ११ घरांची बेरीज आली २२ लाख. भागिले ११. सरासरी बरोबर दोन लाख!

सगळ्या खूश. दोन लाखांच्या घराला महिन्याला ५०० रुपये म्हणजे वर्षाला ६,०००. रुपयातले तीन पैसे. एवढी बचत तर कुणालाही जमेल. ठराव झाला, सह्या झाल्या, चहा झाला.

आता ते ११ आकडे तुम्हीही ऐका. नावं घेत नाही, आणि समजायला सोपं जावं म्हणून आकडे गोल केले आहेत. लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने सांगतो. ४८ हजार, ५६ हजार, ६२ हजार, ७० हजार, ७८ हजार, ८४ हजार, ९६ हजार, १ लाख १० हजार, १ लाख ३५ हजार, १ लाख ६१ हजार. ही झाली दहा घरं. आणि अकरावं घर, १३ लाख.

पुन्हा एकदा बघा. दोन लाख सरासरी म्हणतोय आपण, पण दोन लाखांचं किंवा त्याच्या आसपासचं एक तरी घर आहे का यात? नाही. ११ पैकी १० घरं सरासरीच्या खाली आहेत. आणि एक घर एवढं वर आहे की त्याने सगळ्यांची सरासरी खांद्यावर घेतली आहे.

ते १३ लाख आले कुठून, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. २०२३ सालचा जुलै आठवा. त्या उन्हाळ्यात आधी टोमॅटोला भाव नव्हता, म्हणून लागवड कमी झाली होती. वरून उष्णता आणि विषाणूरोग यांनी उभा माल गेला. मग ज्यांचा माल टिकला त्यांचं सोनं झालं. नारायणगावच्या बाजारात २० किलोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलं. जुन्नर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने महिन्याभरात १३ हजार क्रेट विकून दीड कोटी रुपये केले, ही बातमी तर देशभर गाजली. मुंबई-दिल्लीच्या लोकांना वाटलं, जुन्नरला सगळे करोडपती झाले. तुमच्याकडेही कुणी पाहुण्याने फोन करून विचारलं असेल, काय, गाडी कधी घेताय?

आमच्या गटातल्या एका काकूंचा दीड एकर टोमॅटो नेमका त्या जुलैत चालू होता. पट्ट्यांची बेरीज १७ लाख आली. त्यातून रोपं, मल्चिंग, ड्रीप, बांबू-तार-सुतळी, औषधं, तोडणीची मजुरी, गाडीभाडं असा ४ लाख ७० हजार खर्च गेला. राहिले १२ लाख ३० हजार. दुधाचे खर्च जाऊन ७० हजार. एकूण १३ लाख. काकू आजही म्हणतात, तो टोमॅटोचा नाही, नशिबाचा पैसा होता. कारण सप्टेंबरपर्यंत भाव असे कोसळले की तोडणीची मजुरी निघेना. दोन महिने उशिरा लावलेल्याने त्याच वर्षी मार खाल्ला.

तर सरासरीने काय केलं? सरासरी म्हणजे, डेअरीत आपण करतो तसं, सगळ्यांच्या किटलीतलं दूध एका कॅनमध्ये ओतायचं आणि मग ज्याला त्याला सारखं वाटून द्यायचं. कुणी दोन लिटर आणलं, कुणी वीस, वाटल्यावर सगळ्यांना सारखंच. दुधाच्या बाबतीत हे करता येतं. पण पैशांच्या बाबतीत काकूंचे १३ लाख कुणी सगळ्यांच्या घरी वाटले नव्हते. ते काकूंच्याच खात्यात होते. वाटले फक्त वहीत. ४८ हजारांच्या घरात आम्ही कागदावर दीड लाख टाकून मोकळ्या झालो आणि त्यावर ५०० चा हप्ता लावला.

त्या घरासाठी ६,००० म्हणजे रुपयातले साडेबारा पैसे. आठवा हिस्सा. नारायणगावला मजूर बाजारात सकाळी जाऊन उभं राहायचं, काम मिळालं तर हाजरी, पाऊस लागला तर तसंच परत. तिथून आठवा हिस्सा बाजूला काढायचा म्हणजे किराणा उधार आणायचा. आणि तेच झालं होतं, हे नंतर कळलं. गटात बचत भरायला ती बाहेरून उसने पैसे घेत होती.

मग आम्ही काय केलं? श्रावणातल्या बैठकीत जमिनीवर चिठ्ठ्या मांडल्या. ही रीत तुम्हाला सविस्तर सांगतो, कारण ती कुठल्याही गटाला अर्ध्या तासात करता येते.

प्रत्येकीला सारख्या आकाराची एक कोरी चिठ्ठी द्यायची. नाव लिहायचं नाही. फक्त घराचं गेल्या वर्षाचं उत्पन्न लिहायचं आणि घडी करून डब्यात टाकायचं. लिहिता येत नसेल तर जिच्यावर विश्वास आहे तिच्याकडून लिहून घ्यायचं. इथे घाई करू नका. उत्पन्न म्हटलं की बायका एकतर फक्त स्वतःची मजुरी सांगतात, नाहीतर मालाची सगळी पट्टी सांगतात. दोन्ही चूक. घरात आलेलं सगळं धरायचं. शेती, दूध, कोंबड्या, मजुरी, शिलाई, चाकण-रांजणगावच्या कंपनीतल्या पोराने घरी दिलेले पैसे, हिरडा विकला असेल तर तोही. आणि शेतीचा, दुधाचा खर्च त्यातून वजा करायचा. काकूंनी १७ लाख लिहिलं असतं तर ते उत्पन्न नव्हतं, ती विक्री होती. घरचं धान्य खाल्लं तर त्याची किंमत धरायची की नाही, यावर आमच्यात वाद झाला. शेवटी ठरलं, धरायची तर सगळ्यांनी धरायची, सोडायची तर सगळ्यांनी. आम्ही धरली, कारण पश्चिमेकडून लग्न होऊन आलेल्या दोघींचा भात विकायला जातच नाही, सगळा घरीच लागतो. तो सोडला तर त्या आहेत त्याहून गरीब दिसल्या असत्या.

मग डबा उघडायचा आणि चिठ्ठ्या जमिनीवर एका ओळीत लावायच्या. सगळ्यांत लहान आकडा डावीकडे, मोठा उजवीकडे. शाळेत प्रार्थनेला पोरं उंचीप्रमाणे उभी करतात तसं. आणि दोन्ही टोकांकडून एकेक चिठ्ठी उचलत यायचं. डावीकडची एक, उजवीकडची एक. पुन्हा डावीकडची एक, उजवीकडची एक. शेवटी मधोमध एकच चिठ्ठी उरते. ११ मध्ये ती सहावी. आमच्याकडे उरली ८४ हजारांची.

या मधल्या आकड्याला मध्यक म्हणतात. आपल्या पोरापोरींच्या नववीच्या गणिताच्या पुस्तकात सांख्यिकीच्या धड्यात हा शब्द आहे, विचारून बघा. अर्थ एवढाच की निम्मी घरं याच्या खाली, निम्मी याच्या वर.

एक चूक बहुतेकजणी पहिल्यांदा करतात. क्रम न लावताच मधली चिठ्ठी उचलतात. वहीत नावं जशी लिहिली आहेत तशी मोजून सहावं नाव घ्यायचं, हे मध्यक नाही. तिथे कुणाचाही आकडा येईल. आधी क्रम, मग मधली. आणि चिठ्ठ्या सम असल्या, म्हणजे समजा बारावी ताई गटात आली आणि तिने ९० हजार लिहिलं, तर मधे दोन उरतील, ८४ आणि ९०. त्या दोघींची बेरीज करून निम्मं करायचं. ८७ हजार.

तर एकीकडे सरासरी दोन लाख, दुसरीकडे मध्यक ८४ हजार. माणसं तीच, आकडे तेच. बैठकीत कुजबुज सुरू झाली की यातलं खरं कुठलं. दोन्ही खरे आहेत. फक्त प्रश्न वेगळे आहेत. गटाकडे मिळून किती पैसा आला, याचं उत्तर सरासरीत आहे. आपल्यातल्या मधल्या बाईचं घर किती पैशांत चालतं, याचं उत्तर मध्यकात आहे. हप्ता ठरवताना आम्हाला दुसरा प्रश्न विचारायचा होता आणि आम्ही पहिल्याचं उत्तर घेऊन बसलो.

मग त्या मावशींनी एक गंमत केली. काकूंची १३ लाखांची चिठ्ठी उचलली आणि म्हणाल्या, "हिच्यावर दीड कोटी लिहा." पेपरातल्या त्या शेतकऱ्यासारखं. लिहिलं. बेरीज १ कोटी ५९ लाख, भागिले ११, सरासरी साडेचौदा लाखांच्या जवळ! सगळ्या हसल्या. मग जमिनीवर बघितलं. मधली चिठ्ठी कोणती? तीच. ८४ हजार. मग काकूंनी स्वतःच सांगितलं की टोमॅटोच्या आदल्या वर्षी त्यांच्याकडे १ लाख ६० हजार सुटले होते. ते लिहिलं. बेरीज १० लाख ६० हजार, सरासरी ९६ हजारांच्या थोडी वर. मधली चिठ्ठी? ८४ हजार.

यात सगळं आलं. एका घराने टोमॅटोत कमावलं आणि सरासरी ९६ हजारांवरून दोन लाखांवर गेली, दुप्पट. बाकीच्या दहा घरांत एक रुपया जास्त आला नव्हता. कुणी बाहेरून येऊन आमची वही बघितली असती तर लिहिलं असतं, गटाचं उत्पन्न एका वर्षात दुप्पट झालं, काय छान प्रगती. मध्यक जागचा हलला नाही, कारण मधल्या घरात खरंच काही हललं नव्हतं.

लखपती दीदीचंही तसंच. सरासरी दोन लाख म्हटलं की वाटतं सगळा गट लखपती. चिठ्ठ्या मोजा. एक लाख आणि त्यावरच्या किती? १ लाख १० हजार, १ लाख ३५ हजार, १ लाख ६१ हजार आणि १३ लाख. चार. मध्यक एक लाखाच्या खाली आहे म्हणजेच निम्म्याहून जास्त घरं रेषेच्या खाली आहेत, हे चिठ्ठ्या न मोजताही कळतं. म्हणून ग्रामसभेत किंवा ग्रामसंघाच्या बैठकीत कुणी "गावाचं सरासरी उत्पन्न इतकं" असं म्हणालं तर एवढंच विचारायचं, मधल्या घराचं किती?

हे फक्त आपल्या गटापुरतं नाही. सरकारने २०१९ मध्ये देशभरातल्या शेतकरी कुटुंबांची पाहणी केली होती. त्यात शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न आलं १०,२१८ रुपये. त्याच पाहणीत दहा हेक्टरच्या वर, म्हणजे पंचवीस एकरांच्या वर जमीन असलेल्या कुटुंबांचं सरासरी उत्पन्न होतं महिन्याला ६०,७५८ रुपये. अशी कुटुंबं मोजकीच. उलट शंभरातल्या सत्तर कुटुंबांकडे एक हेक्टरपेक्षा, म्हणजे अडीच एकरांपेक्षा कमी जमीन होती. मोठ्यांचे साठ-साठ हजार त्या बेरजेत मिसळतात आणि मग दहा हजारांचा आकडा रेडिओवर, पेपरात येतो. ऐकणाऱ्या अडीच एकरवालीला वाटतं, आपल्याच घरात कसं काय कमी पडतं?

दरडोई उत्पन्न म्हणतात तीही सरासरीच. महाराष्ट्राच्या दरडोई उत्पन्नात मुंबईच्या बँका, पुण्याच्या कंपन्या आणि आहुप्याची भातखाचरं एकाच कॅनमध्ये ओतलेली असतात.

आता हप्त्याचं काय झालं ते सांगतो. ८४ हजारांवर, सरासरीच्या वेळी धरले होते तसेच, रुपयाला तीन पैसे धरले तर वर्षाला अडीच हजार, महिन्याला २०० च्या आसपास. आम्ही २०० लिहायला निघालो. तेवढ्यात जी बैठकीला यायची बंद झाली होती, ती त्या दिवशी आली होती, ती हळूच म्हणाली, "मी त्या मधल्या चिठ्ठीच्या पण खाली हाये."

बरोबर होतं तिचं. मध्यकाच्याही खाली आमच्या पाच जणी आहेत. मध्यक मधल्या घराचं सांगतो, शेवटच्या घराचं नाही. समजा खालच्या पाच घरांचं उत्पन्न निम्मं झालं असतं, ४८ चे २४ हजार, ५६ चे २८ हजार, तरी मधली चिठ्ठी ८४ चीच राहिली असती. काकूंचे १३ लाख मध्यकाला हलवू शकत नाहीत हा त्याचा गुण, आणि खालच्या घराची चूलही त्याला हलवू शकत नाही हा त्याचा दोष. गुण आणि दोष एकाच कारणातून येतात. म्हणून आम्ही आता मधल्या चिठ्ठीबरोबर खालून तिसरी चिठ्ठीही वाचतो. ११ मध्ये खालून तिसरी म्हणजे साधारण खालच्या चौथाईची हद्द. आमची ६२ हजार. या दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या की बरंच दिसतं.

शेवटी १५० ठरले. सगळ्यांत खालच्या घराला वर्षाचे १,८०० म्हणजे रुपयाला चार पैशांच्या आत. आणि ज्यांना जास्त ठेवायचे त्यांनी ऐच्छिक बचत वेगळ्या रकान्यात भरायची. काकू महिन्याला एक हजार भरतात. बँकेच्या कर्जाचे समान वाटे करायचे ठरले होते, तेही थांबवलं आणि ज्या घराला जेवढं झेपेल तेवढं, असं केलं. मागचे दंड माफ केले. त्यावर मात्र थोडी कुरबुर झाली, अजूनही होते.

या रीतीत एक मोठा खड्डा आहे, तो दाखवायलाच हवा, कारण आपल्या दोन तालुक्यांत तो ठिकठिकाणी आहे. आपला भाग दोन तुकड्यांचा. पूर्वेला कालव्याचं पाणी, ऊस, द्राक्षं, कांदा, टोमॅटो. पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत आदिवासी वाड्या, पावसाचा भात, उन्हाळ्यात बाळहिरडा वेचायचा आणि मग मजुरीला खाली उतरायचं. डिंभे, माणिकडोह ही धरणं पश्चिमेला, पाणी मात्र पूर्वेला. समजा एखाद्या बाईने दोन्हीकडची पाच-पाच घरं धरून पाहणी केली. पश्चिमेची ४०, ४५, ४८, ५० आणि ५५ हजार. पूर्वेची १ लाख ६० हजार, १ लाख ७० हजार, १ लाख ८० हजार, १ लाख ९० हजार आणि दोन लाख. दहा चिठ्ठ्या, मधे दोन उरतात, ५५ हजार आणि १ लाख ६० हजार. बेरीज करून निम्मं केलं तर मध्यक १ लाख साडेसात हजार.

पण एक लाख साडेसात हजारांचं घर या दहांत आहे का? आसपाससुद्धा नाही. पश्चिमेच्या बाईला तो आकडा स्वप्नासारखा, पूर्वेच्या बाईला कमी. मध्यक काढल्यावर नेहमी हे बघायचं की त्याच्या दोन्ही बाजूंच्या चिठ्ठ्या जवळ जवळ आहेत का. आमच्या ८४ च्या शेजारी ७८ आणि ९६ होते, म्हणजे तो आकडा खऱ्या घरांमध्ये बसलेला होता. इथे ५५ नंतर एकदम १ लाख ६० हजार. मधे नुसती दरी. अशी दरी दिसली की समजायचं, हा एक गट नाही, दोन आहेत. चिठ्ठ्यांच्या दोन ओळी करायच्या आणि दोन मध्यक काढायचे. पश्चिमेचा ४८ हजार, पूर्वेचा १ लाख ८० हजार. आता दोन्ही आकडे बोलतात.

कर्जाचंही असंच फसतं, पण उलट बाजूने. त्याच २०१९ च्या पाहणीत शेतकरी कुटुंबावर सरासरी कर्ज होतं ७४,१२१ रुपये. आणि शंभरातल्या साधारण ५० कुटुंबांवर कर्ज होतं, ५० वर नव्हतं. इथे चिठ्ठ्या लावल्या तर डावीकडची निम्मी ओळ शून्यांची. मधली चिठ्ठी शून्याच्या उंबरठ्यावर. मध्यक बघून कुणी म्हणालं, शेतकऱ्यावर कर्ज जवळजवळ नाहीच, तर ती शुद्ध फसवणूक. आणि सरासरी ७४ हजारही पूर्ण खरी नाही, कारण ती बिनकर्जवाल्यांनाही वाटलेली आहे. फक्त कर्ज असलेल्या घरांत ती बेरीज वाटली तर दर घराला दीड लाखाच्या जवळ जाते. जिथे ओळीत खूप शून्यं असतात तिथे आधी शून्यं बाजूला काढायची, किती आहेत ते सांगायचं, आणि मग उरलेल्यांचा मध्यक काढायचा.

सरासरी फेकून द्यायची का? नाही हो. खताच्या किती गोण्या एकत्र आणायच्या, पंगतीला तांदूळ किती लागेल, गटाचं दूध रोज किती लिटर जाईल, तिथे सरासरीच लागते, कारण सरासरीला घरांच्या संख्येने गुणलं की एकूण मिळतं. मध्यकाला गुणून एकूण मिळत नाही. ८४ हजार गुणिले ११ म्हणजे ९ लाख २४ हजार, आणि आमची खरी बेरीज तर २२ लाख होती.

एप्रिल २०२५ च्या बैठकीत आम्ही पुन्हा डबा काढला. त्या वर्षी काकूंच्या टोमॅटोला भाव सापडला नाही, त्यांच्या घरात १ लाख २१ हजार आले. जमिनीवर ओळ लागली ती अशी. ५०, ६०, ६६, ७४, ८०, ८८, ९८ हजार, १ लाख १२ हजार, १ लाख २१ हजार, १ लाख ३६ हजार, १ लाख ६० हजार. बेरीज १० लाख ४५ हजार. सरासरी दोन लाखांवरून ९५ हजारांवर आली. नुसती सरासरी ऐकणारा म्हणेल, गट बुडाला. मधली चिठ्ठी ८४ वरून ८८ हजारांवर गेली होती, खालून तिसरी ६२ वरून ६६ वर. काकू सोडल्या तर दहांपैकी नऊ घरांत थोडं थोडं वाढलं होतं, आणि त्या वर्षी गटाच्या वहीत थकीत हप्त्याचा रकाना कोरा होता.